लो की फ्लिक? डबल्स सर्व्हिसच्या प्रकल्प नोंदी

९ जून

ऑगस्टमध्ये क्लबची बॅडमिंटन डबल्स लीग आहे. तोपर्यंत मी आणि पार्टनरने एकच काम हातात घेतलंय: बॅकहँड सर्व्हिस. स्मॅश, डिफेन्स, फिटनेस आहे तसंच राहू दे. आमच्या पातळीवर बऱ्याच रॅली पहिल्या चार फटक्यांतच कुणाकडे झुकणार ते ठरतं, आणि त्यातला पहिला फटका पूर्णपणे आपल्या हातात असतो.

सर्व्हिस दोन्हीही येतात. लो सर्व्हिस टेपजवळून, म्हणजे नेटच्या वरच्या पट्टीला लगटून जाते आणि फ्लिक समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या रेषेपर्यंत पोचते. अडतं ते निवडीवर. आत्तापर्यंतची पद्धत अशी की चार-पाच लो झाल्या की एक फ्लिक, म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. समोर कोण उभा आहे, कसा उभा आहे, आधीच्या सर्व्हिसला त्याने काय केलं, याचा विचारच नाही. म्हणून ही वही.

लीगमध्ये ज्यांच्याशी गाठ पडणार त्यांतले तीन रिसीव्हर नमुन्यादाखल निवडले. पहिला कॉलेजवाला. सर्व्हिस लाइनला नाक लावून उभा राहतो आणि शटल टेपवर दिसलं की झेपावतो. दुसरा लंबू. सहा फुटांच्या वर उंची, एक पाऊल मागे उभा, शांत. तिसरे डावरे सर. वय पंचावन्नच्या पुढे, पण डाव्या हाताची रॅकेट अशा ठिकाणी येते की आपली सगळी गणितं उलटी होतात.

१२ जून

आधी लो सर्व्हिस, कारण ती सुधारल्याशिवाय फ्लिकला काही किंमत नाही.

मापं एकदा लिहून ठेवतो. नेट मध्यभागी १.५२४ मीटर. शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून १.९८ मीटर. शटलला रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असायला हवं. हा ठरलेल्या उंचीचा नियम मोठ्या स्पर्धांमध्ये २०१८ पासून आला. त्याआधी कंबरेच्या खाली असा हिशोब होता आणि कंबर म्हणजे नेमकी कुठे यावर वाद व्हायचे. माझ्या उंचीला १.१५ मीटर बेंबीच्या जरा वर येतं. पार्टनर माझ्याहून उंच, त्याला गुडघे थोडे मोडावे लागतात. हॉलच्या खांबावर त्या उंचीला चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

हात पुढे ताणून मारलं तर शटल नेटपासून साधारण दीड मीटरवर रॅकेटला लागतं. तेवढ्या अंतरात ते सुमारे चाळीस सेंटिमीटर चढायला हवं. पण प्रश्न नुसता किती चढतं याचा नाही, कुठे चढून संपतं याचा आहे. सर्वांत उंच बिंदू नेटच्या अलीकडे, आपल्या बाजूला आला पाहिजे. मग टेप ओलांडताना शटल उतरायला लागलेलं असतं आणि रिसीव्हर कितीही लवकर आला तरी त्याला ते टेपच्या खालून उचलावं लागतं. हाच बिंदू नेटच्या पलीकडे गेला तर शटल टेपला चाटून गेलेलं असलं तरी समोरच्याला ते वर येताना मिळतं. मग तो दाबणारच.

हे सर्व्हिस करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना दोन्ही सर्व्हिस सारख्याच छान वाटतात. म्हणून एकाने नेटच्या खांबाशी उभं राहून बाजूने पाहायचं आणि प्रत्येक सर्व्हिसला फक्त ‘अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ एवढंच बोलायचं. दोन्ही खांबांना काठ्या बांधून टेपच्या वर वीतभर दोरी ताणली होती. दोरी आणि टेप यांच्यामधून शटल जात होतं, तरी बाजूने पाहणारा ‘पलीकडे’ म्हणत होता. मग दोरी सोडून दिली. बाजूचा माणूस जास्त उपयोगी.

फरक पडला तो पकडीने. मूठ दांड्याच्या वरच्या टोकाकडे, अंगठा मागच्या सपाट कडेवर टेकलेला, बाकी बोटं सैल. शटल पिसांच्या टोकाला चिमटीत, बूच रॅकेटकडे. रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे, हाही नियमच आहे. मनगट वळवायचं नाही. कोपरापासून हात हलकेच पुढे सरकवायचा आणि अंगठ्याने ढकलायचं. मनगट वळलं की शटल वर उडी मारतं आणि उंच बिंदू पलीकडे जातो.

१६ जून

आज फ्लिक.

सुरुवात लो सर्व्हिसशी हुबेहूब जुळली पाहिजे: तीच उभं राहण्याची जागा, तीच शटलची उंची, तोच रॅकेटचा कोन, तेवढीच मागे घेतलेली रॅकेट. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये बोटं एकदम आवळायची आणि अंगठ्याचा झटका द्यायचा. जो काही वेग लागतो तो तिथेच तयार होतो. वेगासाठी रॅकेट मागे नेली की समोरच्याला आधीच कळतं.

हे तपासायला एक खेळ केला. एकजण रिसीव्हर होऊन उभा राहतो आणि शटलला रॅकेट लागण्याआधी मोठ्याने ‘छोटी’ किंवा ‘मोठी’ म्हणतो. अंदाजानेच सांगत असेल तर तो निम्म्या वेळा चुकायला हवा. पार्टनरची फ्लिक मी जवळजवळ दर वेळी ओळखत होतो. कशावरून, ते पहिल्यांदा सांगता येईना. मग सापडलं: फ्लिकच्या आधी तो शटल दोन बोटं खाली धरतो आणि एकदा पटकन मागच्या रेषेकडे पाहतो. डोळ्यांचं लगेच सुटलं. शटल खाली धरण्याची सवय सुटायला वेळ लागेल.

थांबण्याबद्दल एक गोष्ट. रॅकेट पुढे निघाली की मध्ये अडखळून चालत नाही, तो फॉल्ट. पण रॅकेट पुढे निघण्याआधी किती वेळ शांत उभं राहायचं हे आपल्या हातात आहे, उगाच ताणलं नाही म्हणजे झालं. झेपावणारा रिसीव्हर बहुतेक वेळा शटल बघून झेपावत नाही, आपल्या ठेक्यावर झेपावतो. एकदा लगेच, एकदा दोन श्वास थांबून, असं केलं की त्याचा ठेका मोडतो. आणि रॅकेट शटलला लागायच्या आत तो हलला तर फॉल्ट त्याचा, पण क्लबमध्ये तो कोण देणार!

फ्लिकची उंची हा आजचा सर्वांत महत्त्वाचा धडा. डबल्समध्ये सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत असते, म्हणजे सर्व्हिस कोर्ट फक्त ३.९६ मीटर खोल. समोरच्याला मागे जायला फार जागाच नाही. शटल हवेत जितका जास्त वेळ, तितका त्याला शटलच्या मागे पोचून मारायला वाव. म्हणून फ्लिक उंच असून चालत नाही. ती रिसीव्हरच्या रॅकेटला पोचणार नाही इतकीच वर हवी. पार्टनर लाइनच्या मागे त्याच्या जागी हात आणि रॅकेट सरळ वर करून उभा राहिला. रॅकेटच्या टोकावरून वीतभर जागा ठेवून शटल गेलं की ती फ्लिक बरोबर. त्यापेक्षा हातभर वर गेली की तो दोन पावलं मागे जाऊन निवांत स्मॅश मारतो. त्याहून खाली गेली तर उडी मारून तिथेच डोक्यात घालतो. दोन्हीमधली पट्टी अरुंद आहे, आणि प्रत्येक रिसीव्हरनुसार ती वर-खाली होते.

२३ जून

कॉलेजवाला. त्याच्याशी आज दोन गेम.

तो लाइनपासून जेमतेम पाऊलभर मागे उभा राहतो. पण नुसतं जवळ उभं राहणं हे फ्लिकचं आमंत्रण नव्हे, हे आज नीट पाहिलं. जवळ उभा राहून वजन मागच्या पायावर ठेवणारेही असतात. ते फ्लिकचीच वाट पाहत असतात. पाहायचं ते पुढच्या पायाची टाच आणि खांदे. कॉलेजवाल्याची पुढची टाच जमिनीवर असते, मागची वर उचललेली, छाती नेटकडे कललेली, रॅकेटचं डोकं टेपच्या वर. वजन पूर्ण पुढे. अशा माणसाला मागे जायचं तर आधी पुढचं वजन उलटं ढकलावं लागतं, आणि त्या क्षणात फ्लिक त्याच्या डोक्यावरून गेलेली असते.

इंडोनेशियाचा डबल्स खेळाडू केविन संजया सुकामुल्यो याचे सामने ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही पोझ माहीत आहे. फक्त केविन त्या पोझमधून मागेही जाऊ शकायचा.

कुठे मारायची याचं गणित. उजव्या हाताचा रिसीव्हर त्याच्या उजव्या कोर्टात असेल तर मधली रेषा त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे बॅकहँडला येते. तिथे फ्लिक मधल्या रेषेकडे. तोच डाव्या कोर्टात असेल तर बाहेरची रेषा बॅकहँडला येते. तिथे फ्लिक बाहेर. थोडक्यात, डाव्या खांद्याच्या मागे. तिथलं शटल त्याला डोक्यामागून वळून घ्यावं लागतं, आणि वजन पुढे असताना तसं वळणं सर्वांत अवघड.

एक गोष्ट मात्र सरळ लिहितो. आज त्याला मारलेल्या सगळ्या फ्लिक काही जिंकल्या नाहीत. पोरगा लवचिक आहे. एकदा हवेत अर्धा आडवा होऊन डोक्यामागून स्मॅश मारला आणि ती रॅली त्यांनी घेतली. पार्टनर लगेच म्हणाला, ‘बघ, याला फ्लिक चालत नाही.’ पण त्यानंतर त्याच्या वाट्याला आलेल्या सर्व्हिसला त्याची मागची टाच जमिनीवर होती, आणि तो लाइनपासून दोन पावलं मागे उभा होता. लो सर्व्हिस टाकली, त्याने टेपच्या बरंच खालून शटल घेतलं आणि उचललं. पार्टनरला तयार स्मॅश.

म्हणून आजपासून वहीत दोन रकाने. पहिला: फ्लिकची रॅली कुणी घेतली. दुसरा: त्याच रिसीव्हरच्या पुढच्या सर्व्हिसला त्याचा पुढचा पाय लाइनपासून किती पावलांवर होता. माझ्या मते दुसरा रकाना जास्त खरा. फ्लिक ही मुख्यतः पुढच्या लो सर्व्हिससाठी जागा विकत घेण्याची गोष्ट आहे. जागा मिळाली, तर हरलेली रॅली ही तिची किंमत समजायची. मिळाली नाही, म्हणजे तो दुसऱ्यांदाही तिथेच उभा असेल, तर मात्र त्याला आपली फ्लिक ओळखता येते आहे किंवा तो ती सहज पेलतोय. मग थांबायचं.

३० जून

लंबू. याच्याबाबतीत नोंद छोटी आहे, कारण निर्णय सोपा आहे.

तो मागे उभा राहतो, रॅकेट छातीसमोर, वजन दोन्ही पायांवर. त्याला फ्लिक मारणं म्हणजे त्याच्या हातात स्मॅश देणं. हात आणि रॅकेट मिळून त्याची पोच इतकी वर आहे की फ्लिक त्याच्यावरून न्यायची तर ती उंचच जाते, आणि उंच गेली की तो आरामात मागे सरकतो. मधली अरुंद पट्टी त्याच्यासाठी उरतच नाही.

त्याच्यापुढे लो सर्व्हिस, तीही टी वर, म्हणजे मधली रेषा आणि शॉर्ट सर्व्हिस लाइन मिळतात त्या कोपऱ्यात. कारण दोन. अंतर सर्वांत कमी, त्यामुळे शटल लवकर पोचतं आणि चुकायला वाव कमी. आणि कोर्टाच्या मध्यातून त्याने कुठेही मारलं तरी दोन्ही बाजूंचे कोन आमच्या आवाक्यात राहतात. बाहेरच्या बाजूला लो सर्व्हिस टाकली तर तो बाजूच्या रेषेलगत सरळ पुश मारतो, आणि तो पार्टनरला धावत जाऊन घ्यावा लागतो. मागे उभा असल्यामुळे टी वरचं शटल त्याला नेहमी खालूनच मिळतं. मग एक तर तो उचलतो, नाहीतर कोर्टाच्या मध्यात मऊसा पुश करतो. तो पुश माझ्या आणि पार्टनरच्या मधोमध पडतो आणि दोघंही ‘तुझा, तुझा’ करत राहतो. ठरवून टाकलं: सर्व्हिस करणारा नेटवरच थांबेल, रॅकेट पोचली तरच मध्ये पडेल. बाकी सगळं मागच्याचं.

त्याला फ्लिक कधी? तो लो सर्व्हिसला वैतागून पुढे सरकायला लागला तरच. आज सरकला नाही.

७ जुलै

डावरे सर. गेल्या वर्षी यांनीच आम्हाला लीगमधून बाहेर काढलं होतं, म्हणून यांच्यावर जास्त वेळ घालवतोय.

डावखुऱ्याचा बॅकहँड त्याच्या उजव्या बाजूला. म्हणजे उजव्या कोर्टात तो बाहेरच्या रेषेकडे आणि डाव्या कोर्टात मधल्या रेषेकडे. कागदावर हे एका ओळीत लिहून होतं. कोर्टवर हात मात्र सवयीने जुन्या जागी जातो, आणि शटल थेट सरांच्या फोरहँडवर. उजव्या कोर्टातून नेहमीसारखी टी वर लो सर्व्हिस टाकली की ती सरांच्या रॅकेटसमोरच येते. ते अर्धं पाऊल पुढे येऊन सरळ ड्राइव्ह मारतात, तोही आपल्या पोटाकडे.

उजव्या कोर्टात त्यांच्यासाठी ठरलेलं असं: लो सर्व्हिस टी पासून हातभर बाहेर, त्यांच्या उजव्या कमरेकडे. तिथून त्यांना रॅकेट अंगाजवळ वळवून आणावी लागते. फ्लिक मारायची तर बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात. डाव्या कोर्टात उलट: लो सर्व्हिस टी वरच, कारण तिथे टी त्यांच्या बॅकहँडला येते, आणि फ्लिकसुद्धा मधल्या रेषेकडे.

फ्लिकनंतर कुणी कुठे जायचं हेही आज बसवलं. लो सर्व्हिसनंतर आम्ही एकामागे एक उभे राहतो. फ्लिक मारली की आपण स्वतःच शटल उचललेलं असतं, त्यामुळे शेजारी-शेजारी व्हावंच लागतं. सर्व्हिस करणारा आपल्याच अर्ध्यात सरळ मागे, दुसरा उरलेल्या अर्ध्यात. मी उजव्या कोर्टातून बाहेर फ्लिक मारली तर सरांचा सरळ स्मॅश आमच्या डाव्या रेषेने येतो. तो पार्टनरचा. मधल्या रेषेकडे मारलेल्या फ्लिकवरचा स्मॅश आमच्या दोघांच्या मधून येतो. तो डाव्या अर्ध्यातल्याने घ्यायचा, कारण त्याचा फोरहँड मध्यावर असतो.

हे वेळेवर जमायचं तर पार्टनरला आधी कळलं पाहिजे. पाठीमागे हात नेऊन बोटांची खूण: एक बोट म्हणजे लो, दोन म्हणजे फ्लिक. मग तोच हात पुढे आणून शटल धरायचं. एकदा खूण केली की निर्णय बदलायचा नाही. रॅकेट निघाल्यावर रिसीव्हरकडे बघून मन बदललं की सर्व्हिस ना धड लो होते ना फ्लिक, आणि मागे पार्टनर भलत्याच तयारीत असतो.

सर जवळ उभे राहतात की मागे? मधोमध. वजनही मधोमध. पण खेळ संपत आला की ते पुढे झुकतात. पंधरा गुणांनंतर त्यांची रॅकेट टेपच्या वर गेलेली असते. या वयात मोठ्या रॅली नकोशा होतात, त्यांना लवकर संपवायचं असतं. फ्लिक तेव्हासाठी राखून ठेवायची.

१८ जुलै

पाऊस दोन दिवस थांबलेला नाही. हॉलची दारं बंद, आत कोंदट गरमी. नायलॉनवर सराव करून पिसांच्या शटलवर आलो तर दोन्ही सर्व्हिसचं गणित बदललं. पिसांचं शटल वेग लवकर गमावतं आणि शेवटी उभं पडतं. नायलॉन थोडं पुढे वाहत जातं. नायलॉनवर बसवलेली लो सर्व्हिस पिसांच्या शटलवर नेटमध्ये पडायला लागली, आणि नायलॉनवर बाहेर जाणारी फ्लिक आत राहिली. लीग पिसांच्या शटलवर आहे, म्हणून इथून पुढे सरावही त्यावरच. खिशाला झळ बसेल.

शटलचा वेग तपासायची पद्धत नियमांतच दिली आहे. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडायला हवं. आजचं शटल त्याहून लांब जात होतं. अशा शटलवर फ्लिक मागच्या रेषेवर नेम धरून मारायची नाही, त्याच्या फूटभर आत मारायची. फूटभर आत पडलेली फ्लिकही कॉलेजवाल्याला तितकाच त्रास देते. त्याची अडचण अंतराची नाही, वजन उलटं फिरवण्याची आहे.

२८ जुलै

सरावात आज एका ज्येष्ठ खेळाडूला अंपायर म्हणून बसवलं. त्यांनी पार्टनरच्या फ्लिकला दोनदा ‘उंच’ म्हणून फॉल्ट दिला. लो सर्व्हिसला एकदाही नाही. बाजूने फोनवर चित्रण केलं, तेव्हा कारण दिसलं. झटका देताना तो मोडलेले गुडघे सरळ करतो, त्यासोबत हात वर जातो आणि शटल खांबावरच्या पट्टीच्या वर असताना लागतं. उंच माणसाला हा धोका जास्त. उपाय म्हणजे फ्लिकमध्ये पायांनी काहीच करायचं नाही. टाच किंचित उचलली तरी चालतं, कारण दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि जागेवर असला की नियम पाळला जातो. पण गुडघे मोडलेलेच ठेवायचे.

जाता जाता, शटल सोडताना बोटांनी गिरकी देण्याचा मोह एका ज्युनिअरला झाला होता. २०२३ मध्ये ही गिरकीची सर्व्हिस गाजली आणि त्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. त्यात वेळ घालवू नये.

९ ऑगस्ट

लीगची तिसरी फेरी. समोर कॉलेजवाला आणि डावरे सर, एकत्र. एक-एक गेम झालेला. तिसऱ्या गेममधले १७-१७ पासूनचे गुण पूर्ण लिहितो, कारण सगळी वही इथे कामाला आली.

एक गोष्ट आधी. सर्व्हिस करणारी जोडी गुण घेते तेव्हा तिचा सर्व्हर कोर्ट बदलतो, समोरचे मात्र जागा बदलत नाहीत. त्यामुळे लागोपाठच्या दोन सर्व्हिस एकाच रिसीव्हरला कधीच जात नाहीत. त्यांच्याकडे कॉलेजवाला उजव्या कोर्टात, सर डाव्या.

१७-१७, सर्व्हिस आमच्याकडे. आकडा विषम, म्हणून डाव्या कोर्टातून मी, समोर सर. त्यांची रॅकेट अजून टेपच्या खाली होती, वजन मधोमध. एक बोट. टी वर, त्यांच्या बॅकहँडला लो. त्यांनी उचललं, पार्टनरने दोन स्मॅशमध्ये संपवलं. १८-१७.

आता मी उजव्या कोर्टात, समोर कॉलेजवाला. पाऊलभर अंतर, मागची टाच वर, छाती कललेली. गेमभर त्याला एकही फ्लिक दिली नव्हती आणि तो लो सर्व्हिसवर हळूहळू अंगावर यायला लागला होता. दोन बोटं. दोन श्वास थांबलो आणि मधल्या रेषेकडे फ्लिक मारली. उंची बरोबर होती. तो उशिरा वळला, पण वळला. डोक्यामागून मारलेला स्मॅश तिरका आला, पार्टनरची रॅकेट जेमतेम लागली, शटल बाहेर. १८-१८. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, ‘अरे, कशाला दिली याला?’

सर्व्हिस त्यांच्याकडे. १८ सम, म्हणून उजव्या कोर्टातून कॉलेजवाला, मला. त्याची लो सर्व्हिस जरा वर आली, मी सरांच्या पायांशी पुश केला, त्यांचं परत आलेलं शटल नेटमध्ये. १९-१८.

आमची सर्व्हिस, आकडा विषम, त्यामुळे डाव्या कोर्टातला पार्टनर सर्व्हर. समोर सर. कॉलेजवाल्याच्या डोक्यावरून गेलेली फ्लिक त्यांनीही शेजारी उभं राहून पाहिली होती. एरवी या वेळेला पुढे झुकणारे सर आज झुकले नाहीत, अर्धं पाऊल मागेच राहिले. पार्टनरने टी वर लो टाकली. सरांनी खालून मध्यावर मऊ पुश केला. ठरल्याप्रमाणे मागचा म्हणून तो माझा होता. मी रेषेलगत ड्राइव्ह मारला, कॉलेजवाला पोचला नाही. २०-१८.

पार्टनर उजव्या कोर्टात गेला, समोर पुन्हा कॉलेजवाला. मी मागून पाहत होतो. दोन्ही टाचा जमिनीवर, लाइनपासून दोन पावलं. पार्टनरच्या पाठीमागे एकच बोट होतं. लो सर्व्हिस काही खास नव्हती, टेपपासून चांगली चार बोटं वर गेली. थोड्या वेळापूर्वीच्या जागेवर उभा असता तर त्याने ती डोळे मिटून मारली असती. दोन पावलं मागून येईपर्यंत शटल टेपच्या खाली गेलं होतं. उचलावंच लागलं. मी दोघांच्या मधोमध स्मॅश मारला आणि दोघांनीही तो एकमेकांवर सोडला. २१-१८.

वहीत नोंद: कॉलेजवाला, फ्लिक, रॅली त्यांची, पुढचा पाय एक पावलावरून दोन पावलांवर. माझ्या फ्लिकचा फायदा पार्टनरच्या सर्व्हिसला मिळाला आणि सरांच्या उभं राहण्यावरही तिचा परिणाम झाला. म्हणजे रकाना रिसीव्हरनुसार नको, जोडीनुसार हवा.

१२ ऑगस्ट

उपांत्य फेरी लंबूच्या जोडीशी. टी वर लो सर्व्हिस पाठोपाठ टाकली तर तो आज ना उद्या पुढे सरकणार, आणि तेव्हाही उंच फ्लिक त्याला चालणार नाही. म्हणून मधला पर्याय आजमावतोय: टेपवरून सपाट, वेगवान, थेट उजव्या खांद्यावर येणारी सर्व्हिस. त्याला हात वर न्यायला वेळच मिळू नये. धोका उघड आहे, लंबूची रॅकेट आधीच वर असेल तर ती तिथेच मेली. शिवाय ही सर्व्हिस शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या पुढे पडायची गरज नाही असं पार्टनरला वाटत होतं. त्याला सांगितलं, सोडून दिली आणि अलीकडे पडली तर फॉल्ट आपलाच. उद्या सकाळी लंबूच्या उंचीचा कुणीतरी शोधून त्याच्या खांद्याशी टॉवेल बांधून सराव. पार्टनर म्हणतो, त्यापेक्षा लो सर्व्हिसच अजून दोन बोटं खाली आणू. दोन्ही करून बघू.